सूचना सगळ्यांपर्यंत पोहोचते का?

नमस्कार श्रोतेहो. जुलैची सकाळ आहे, पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केली आहे. गुहागरकडच्या एखाद्या शाळेत मुख्याध्यापक व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर १८० पालकांना निरोप पाठवतात. तरीही काही मुलं भिजत शाळेच्या दारात येतात. असं का होतं?

ब्रॉडकास्ट लिस्टमधला निरोप ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच मिळतो. बाकीच्यांकडे तो जातच नाही, आणि पाठवणाऱ्याला तशी सूचनाही येत नाही. तपासायचं असेल तर पाठवलेला मेसेज दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कोणाकोणाला पोहोचला, ती नावं तिथे दिसतात. एखादं नाव नसेल, तर त्या पालकाला तोच निरोप वेगळा पाठवा. लगेच दोन टिक आल्या तर फोन चालू आहे, म्हणजे बहुधा नंबर सेव्ह नाही. एकच टिक राहिली तर रेंज गेली असेल किंवा फोन बंद असेल, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली की हे हमखास होतं. अशा घरी साधा फोनच करावा.

म्हणून शाळेच्या तातडीच्या सूचनेसाठी वर्गवार ग्रुप मला जास्त भरवशाचा वाटतो. ग्रुपमध्ये नंबर सेव्ह असण्याची अट नाही. मात्र शुभ सकाळच्या फुलांखाली सुट्टीची सूचना गाडली जाते. त्यावर उपाय आहे: ग्रुपच्या नावावर टॅप करा, Group permissions उघडा आणि सदस्यांची मेसेज पाठवण्याची परवानगी बंद करा. मग फक्त ॲडमिन लिहू शकतात. एक अडचण मात्र उरते, प्रत्येक पालकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. प्रवेशाच्या वेळीच त्यांची संमती घ्यावी.

दुकानाचं गणित उलटं आहे. आंब्याच्या हंगामात पेटीचा भाव कळवायचा, तर ब्रॉडकास्ट लिस्टच बरी. गिऱ्हाइकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, आणि "दोन पेट्या ठेवा" हे उत्तर फक्त दुकानदाराकडे येतं, त्यामुळे भावाची घासाघीस चारचौघांत होत नाही. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, त्यापुढे दुसरी लिस्ट करावी. बिल देतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगावं.

गिऱ्हाइकं मुंबई-पुण्यापर्यंत पसरली असतील, तर व्हॉट्सॲप चॅनेल सुरू करावं. तिथे संख्येची मर्यादा नाही आणि पाहणाऱ्यांना तुमचा नंबर दिसत नाही. पण त्यांना उलट लिहिता येत नाही, म्हणून ऑर्डरसाठीचा नंबर प्रत्येक पोस्टमध्ये घाला. चॅनेलची घंटी सुरुवातीला बंदच असते. ती ज्याची त्यानं सुरू करायची, नाहीतर पोस्ट दोन दिवसांनी दिसते. गणपतीच्या आधीच्या सवलतीला हे चालेल, सुट्टीच्या सूचनेला नाही. चॅनेल कोणीही पाहू शकतो, तेव्हा शाळेनं मुलांची नावं, फोटो, गुण तिथे टाकू नयेत.