भाकरी सोडली आणि डोकं धरलं

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिलातली दुपार होती. परभणीकडच्या एका शाळेतल्या बाई दवाखान्यात आल्या. वय एक्केचाळीस. डोक्याला ओढणी घट्ट आवळून बांधलेली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, तीन दिस झाले, डोकं नुसतं ठणकायलंय बघा. पण वजन मात्र दोन किलो उतरलंय!" दुखणं सांगतानाही त्या दोन किलोंचा आनंद चेहऱ्यावर लपत नव्हता.

मे महिन्यात घरात लग्न होतं, म्हणून बाईंनी सोमवारपासून भाकरी, भात, साखर सगळं एका दमात बंद केलं होतं. खाणं म्हणजे दोन अंडी, काकडी, पालेभाजी आणि थोडं दही. साखर नको म्हणून चहाही सोडला. त्याआधी घरी आणि शाळेत मिळून दिवसाला पाच कप होत असत. कुणीतरी सांगितलं, मिठानं अंग सुजतं, म्हणून भाजीतलं मीठही नावालाच उरलं. पाणी मात्र तांब्यावर तांब्या. बाहेर ऊन बेचाळीस अंशांचं.

आता त्या दोन किलोंचा हिशेब बघू. आपण खाल्लेल्या भाकरी-भाताची साखर होते आणि तिचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत राहतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात तो साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असतो आणि दर ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. भाकरी बंद झाली की शरीर हा साठा दोन-तीन दिवसांत बराचसा वापरून टाकतं आणि त्याचं पाणी मोकळं होतं. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस काटा खाली सरकतो तो मुख्यतः पाण्यानं. चरबी इतक्या लवकर वितळत नाही. एक किलो चरबीत सात हजारांहून जास्त कॅलरी असतात. बाईंनी तीन दिवस पाण्याचा घोट सोडून काहीच घेतलं नसतं, तरी एक किलो चरबी गेली नसती.

बरं, नुसतं पाणी गेलं असतं तर पिऊन भरून निघालं असतं. पण इथं आणखी एक गोष्ट घडते. पिष्टमय खाणं कमी झालं की रक्तातलं इन्शुलिन उतरतं. इन्शुलिनचं एक काम मूत्रपिंडाला 'मीठ धरून ठेव' असं सांगण्याचं असतं. ते सांगणारंच कमी झालं, की लघवीवाटे मीठ जायला लागतं आणि मिठामागून पाणीही जातं. पहिले चार-पाच दिवस हा ओघ जोरात असतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, घामानं भिजलेलं बनियन वाळलं की पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. अशा वेळी अळणी खाऊन तांब्यानं साधं पाणी पीत राहिलं, तर उरलंसुरलं मीठ आणखी पातळ होतं. रक्तदाब उतरतो, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येते आणि डोकं धरतं.

बाईंना मी आडवं झोपवलं. पाच मिनिटांनी रक्तदाब १२० वर ७८. उभं केल्यावर दुसऱ्या मिनिटाला ९८ वर ६६. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं पडला, तर ती पडझड खरी धरायची. घरी यंत्र नसेल तर एवढंच बघा : आडवं झालं की डोकं हलकं होतं का, आणि पटकन उठलं की जड होऊन गरगरतं का?

त्यांना एक पेला ताक दिलं, चहाच्या चमच्यानं पाव चमचा मीठ आणि जिरेपूड घालून. तासाभरात गरगर थांबली. पण कपाळाच्या दोन्ही बाजूंची ठणक तशीच राहिली. मग अर्धा कप कोरा चहा दिला, बिनसाखरेचा. पाऊण तासानं बाईंनी स्वतःच ओढणी सोडली.

म्हणजे एका डोक्यात दोन दुखणी होती. एक मिठाचं, दुसरं चहाचं. रोजचा चहा अचानक तुटला की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, एक-दोन दिवसांत ते शिगेला पोचतं आणि कधीकधी आठवडाभर पाठ सोडत नाही. सोबत जांभया, चिडचिड, कशात मन न लागणं. माणसाला वाटतं, भाकरी सोडल्यानं झालं. भाकरीचा त्यात काही संबंध नसतो. आणि ऐका, आपल्याकडं उपवासाच्या दिवशीही कित्येकींचं डोकं उठतं, तिथंही मला चहाचाच संशय येतो. कारण एकादशी दुप्पट खाशी, साबुदाणा तर निव्वळ पिष्ट! साठा रिकामा व्हायचा प्रश्नच नाही.

मग बाईंचं पुढं काय केलं? आधी चहा परत सुरू केला, साखर वगळून. चहा कमी करायचा तर दर तीन दिवसांनी एक कप कमी असा, आणि भाकरी कमी करायच्या आठवड्यात तो अजिबात कमी करायचा नाही. बाई आधी दिवसाला चार भाकरी खात असत. ज्वारीच्या पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण पस्तीस ग्रॅम पिष्ट असतं. चारावरून एकदम शून्यावर यायच्या ऐवजी पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात दोन. दोन भाकऱ्यांवर वजन कमी होतं, जरा सावकाश होतं इतकंच. भाजीत नेहमीइतकं मीठ. शिवाय पहिला आठवडाभर सकाळी अकराला आणि दुपारी चारला पाव पाव चमचा मिठाचं ताक. ताक नको असेल तर वरणावरचं पातळ पाणी, मीठ-लिंबू घालून. आठवडा उलटला की हे जास्तीचं मीठ बंद करायचं.

हे ताक मात्र सगळ्यांसाठी नाही. ज्यांचं मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर आहे, ज्यांना रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना भाकरी तोडायची, ना मीठ वाढवायचं. मधुमेहाला ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर गोष्ट आणखी वेगळी. डोस तोच आणि जेवण निम्मं, असं झालं तर साखर खाली जाते. डोकेदुखीबरोबर घाम, थरथर, धडधड असेल तर लगेच साखर मोजा. सत्तरच्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

आणखी एक. अशा डोकेदुखीवर रिकाम्या पोटी आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला जड जाते. आणि ताक, चहा घेऊनही डोकं उतरलं नाही, किंवा दुखणं वीज पडल्यासारखं अचानक आलं, बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला, ताप येऊन मान ताठली, उन्हातून आल्यावर अंग तापून माणूस बरळायला लागला, तर तो आहाराचा प्रश्न नाही. त्याच क्षणी रुग्णालयात न्या.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आल्या. उभ्यानं रक्तदाब ११० वर ७४. डोकं शांत. तक्रार एकच होती : "डॉक्टर, रात्रीतून काटा एक किलोनं वर चढलाय की!"

"चढणारच बाई," मी म्हणालो, "तुमचं पाणी घरी परत आलंय."