वेदनारहित, पण कुठपर्यंत?

म्हापशाचं कदंबा बसस्थानक, शुक्रवार सकाळ. बाजाराची गर्दी, चवळीच्या पेंड्या, मिरचीचे ढीग. त्यांच्या वर, विजेच्या खांबाला तारेनं आवळलेला पिवळा फलक: 'मूळव्याध, भगंदर. वेदनारहित लेझर. 30 मिनिटांत घरी.' खाली मोबाईल नंबर. डॉक्टरचं नाव नाही, पदवी नाही. रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्याला डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत मनाई आहे. बहुधा म्हणूनच अशा फलकांवर डॉक्टर नसतो, नुसतं मशीन असतं.

हे हात डिचोलीच्या एका काकांचे. वय 52, आयुष्य खाणीच्या ट्रकवर गेलेलं. चेहरा दाखवायचा नाही, ही त्यांची अट. शौचाला बसलं की रक्ताचे थेंब पडायचे, कोंब बाहेर यायचा आणि उठल्यावर आपोआप आत जायचा. फलकावरचा नंबर त्यांनी फिरवला. दहा मिनिटांच्या भेटीत 'तिसरी ग्रेड, लेझर करा, सवलत आजच्यापुरती' असं सांगून हा कागद हातात दिला गेला. नीट पाहा: पॅकेज 55,000 रुपये. त्याखाली बारीक अक्षरांत, 'भूल, तपासण्या व औषधे वेगळी'.

वेदना नाही, तर भूल कशाला?

काका मग दुसऱ्या एका सर्जनकडे गेले. त्या सर्जननी आमच्यासाठी फळ्यावर गुदमार्ग काढला आणि मधोमध खडूची एक वाकडी रेघ ओढली. या रेघेच्या वरच्या अस्तराला टोचल्या-कापल्याचं दुखणं कळत नाही. खालची बाजू कातडीसारखी, तिथे साधी चीरसुद्धा झोंबते. आतली मूळव्याध रेघेच्या वर असते. पण लेझरची तार आत शिरते ती बहुधा खालून.

ही ती तार, पेनाच्या रिफिलपेक्षा बारीक. गुदद्वाराच्या कडेला छोटं छिद्र पाडून ती कोंबाच्या पोटात सरकवतात. टोकातून 1470 नॅनोमीटरचा किरण चहूबाजूंना फाकतो आणि आतल्या उष्णतेनं कोंब आक्रसतो. बहुतेक वेळा हे कमरेत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन करतात. त्या वेळी दुखत नाही ते भुलीमुळे. भूल उतरली की सूज येते, दुखतंही. जुन्या कापून काढायच्या शस्त्रक्रियेपेक्षा सुरुवातीचे दिवस सोपे जातात, हे खरं. पण त्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत कोंब पुन्हा येण्याचं प्रमाण लेझरमध्ये जास्त, हेही खरं. फलकावर पहिलंच वाक्य मावतं.

फलकवाल्या क्लिनिकनं कॅमेरा आत येऊ दिला नाही, त्यामुळे त्यांची बाजू इथे नाही.

आता सर्जनचं हे टेबल. आधी हातमोजा घालून बोटानं तपासणी, मग प्रॉक्टोस्कोप: छोटी नळी, मागून प्रकाश. हिच्यातून पाहिल्याशिवाय कोंब किती आणि कुठे, हे सांगणं अवघडच. काकांना ही नळी पहिल्यांदा लावली ती इथे. आपोआप आत जाणारा कोंब म्हणजे दुसरी ग्रेड. हातानं ढकलावा लागला तर तिसरी, आतच जात नसेल तर चौथी.

काकांसाठी सर्जननी निवडलं ते हे: रबरी कडं. शंकूवरून सरकवत ते कडं मारायच्या उपकरणाच्या तोंडावर चढवलंय. खटका दाबला, की कोंबाच्या मुळाशी आवळून बसतं. सर्जननी आधी हातमोज्याच्या बोटावर मारून दाखवलं. टक्. रक्तपुरवठा तुटतो आणि आठवडा-दहा दिवसांत कोंब सुकून गळतो. कडं रेघेच्या वर बसतं, म्हणून भूल लागत नाही. जडपणा, शौचाची खोटी भावना एवढंच. लगेच कळवळायला झालं, तर कडं खाली बसलंय, काढायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. नंतर खूप रक्त, ताप किंवा लघवी अडली तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

त्याआधी काकांना कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, करावी लागली. पन्नाशीनंतरचं रक्त मूळव्याधीचंच असेल असं धरून चालत नाही. आतड्याचा कर्करोगही असाच दिसतो. काकांची निर्मळ निघाली.

म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल असो, गोवा मेडिकल कॉलेज असो किंवा खासगी दवाखाना, काका आता दारातच विचारतात: नळीतून पाहिलंत का, ग्रेड कोणती, कोंब किती? करणार कोण, भूल कोणती, पुन्हा आलं तर काय? भूल धरून पूर्ण रक्कम लिहून द्या. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड चालेल का?

काकांच्या स्वयंपाकघरात रात्रीचे नऊ. स्टीलच्या पेल्यात इसबगोल ढवळतायत. फुगायच्या आत प्यायचा, वर अजून एक पेला पाणी. 55,000 चा तो कागद पेल्याखाली घडी करून ठेवलाय, ओट्यावर वर्तुळ उमटू नये म्हणून.