गोळ्यावरचा बाण

[टेबलावर थर्माकोलचा गोळा, त्यातून आरपार गेलेल्या विणकामाच्या तीन सुया]

उभी सुई झेड. आपल्या दिशेने येणारी एक्स. उजवीकडे निघालेली वाय. आणि गोळ्याच्या माथ्यावर टोचलेली ही लाल टाचणी म्हणजे आपला क्युबिट, क्वांटम संगणकातला बिट.

माथ्यावरच्या टोकाचं नाव शून्य, तळाच्या टोकाचं एक. साध्या बिटला या दोनच जागा. क्युबिटला मात्र अख्खा पृष्ठभाग मोकळा. गोळ्याच्या मध्यापासून टाचणीपर्यंत एक बाण काढा. तो बाण म्हणजे क्युबिटची अवस्था.

[जुनं छायाचित्र : फेलिक्स ब्लॉख]

याला ब्लॉख गोल म्हणतात. 1946 मध्ये फेलिक्स ब्लॉख अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाचं गणित मांडत होते. रेडिओ लहरींनी ते चुंबकत्व कसं वळतं, हे त्यांना एका फिरत्या बाणातून दिसलं. 1957 मध्ये फाइनमन, व्हर्नन आणि हेलवर्थ यांनी दाखवून दिलं, की दोन पातळ्यांच्या कुठल्याही क्वांटम प्रणालीला हेच चित्र लागू पडतं. क्युबिट हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता.

[टाचणीशेजारी उभी धरलेली पट्टी]

मोजलं, की उत्तर येतं ते शून्य किंवा एक. मोजमाप फक्त उंची पाहतं. तळापासून टाचणी किती वर आहे, ते गोळ्याच्या व्यासाच्या हिशेबात काढा. तीच शून्य मिळण्याची शक्यता. बाण माथ्यापासून 60 अंश कलला, तर टाचणी तीन चतुर्थांश उंचीवर येते, म्हणजे शंभरातल्या साधारण 75 वेळा शून्य. विषुववृत्तावर आली, की निम्मे-निम्मे.

[विषुववृत्तावर दोन टाचण्या, एक समोर, एक मागे]

क्युबिट ‘एकाच वेळी शून्य आणि एक’ असतो, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते या दोन टाचण्यांपाशी अडतं. दोघींची उंची सारखी, दोघींचं मोजमाप निम्मे-निम्मे, तरीही अवस्था अगदी वेगळ्या. दोघींना वाय सुईभोवती उलटं 90 अंश फिरवा. समोरची माथ्यावर जाते, मागची तळाला. म्हणून आम्हाला हा गोळाच दाखवायचा होता. कंबरेभोवतीचा कोन त्या वाक्यात मावत नाही.

[हातातला गोळा सावकाश फिरतो]

गेट म्हणजे हेच फिरवणं. पडद्यावर दिसतात ती Rx, Ry, Rz ही नावं : कुठल्या सुईभोवती, आणि कंसात किती अंश. माथ्यावरून Ry(90°) केलं, की टाचणी समोर येते. मग Rz(90°), की ती उजवीकडे सरकते. आता क्रम उलटा करून पाहा. माथ्यावरच्या टाचणीला झेडभोवती फिरवलं, तर ती जागची हलत नाही. मग वायभोवती फिरवली, तर समोर येऊन थांबते. फिरवणी त्याच दोन, मुक्काम वेगळा.

[शीतकपाटाचे सोनेरी थर, खाली उतरणाऱ्या तारा]

इथे तळाशी तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, एका अंशाच्या काही शतांशाइतकंच. क्युबिट अतिवाहक धातूचा. फिरवणारा हात म्हणजे मायक्रोवेव्हची पल्स, नॅनोसेकंदांत संपणारी. तिची उंची आणि लांबी मिळून कोन ठरतो. लहरीचा टप्पा कुठून सुरू केला, त्यावरून एक्स की वाय ते ठरतं. झेडसाठी बहुतेकदा पल्स पाठवतच नाहीत. पुढच्या सगळ्या पल्सांचा टप्पा तेवढा सरकवतात. गोळा फिरवण्याऐवजी सुयाच फिरवल्यासारखं.

[पडद्यावर आलेख, ठिपके एकेक करून उमटतात]

आता एक चूक. वायभोवतीची 180 अंशांची पल्स चुकून 181 अंश फिरवते. टाचणी तळाजवळ पोचते, आणि तिथे गोळा इतका सपाट, की उंचीत काही कळत नाही. दहा हजार मोजमापांत एखाद्याच वेळी फरक पडेल. म्हणून आधी Ry(90°) देऊन तिला विषुववृत्तावर आणतात. तिथे उतार सर्वांत तीव्र. मग तीच 180 ची पल्स लागोपाठ देत राहतात, आणि दर संख्येला हजारो वेळा मोजतात.

प्रत्येक ठिपका म्हणजे एक मिळण्याचं प्रमाण. पल्स बिनचूक असती, तर ठिपके निम्म्याच्या रेघेवरच राहिले असते. इथे पाहा, एक ठिपका वर, पुढचा खाली. दर पल्सला एक अंश साठतोय. तिसाव्या पल्सला 30 अंश झाले, आणि एक मिळण्याचं प्रमाण 50 वरून 75 टक्क्यांवर गेलं. बाहेरच्या गोंगाटाने बाण आखडून गोळ्याच्या आत शिरतो, तेव्हा अशी रुंदावत जाणारी दातेरी रेघ उमटत नाही.

या गोळ्याला मर्यादाही आहे. दोन क्युबिट एकमेकांत गुंतले, की प्रत्येकाच्या वेगळ्या गोळ्यावर त्यांची पूर्ण अवस्था दाखवता येत नाही. पण एकट्या क्युबिटची चूक त्यावर दिसते, आणि न सुधारलेला एक अंश लांबलचक गणिताचं उत्तर बिघडवतो.

[बोटं कळफलकावर, पल्सची उंची बदलते]

पल्सच्या उंचीचा 181 वा भाग कमी केला. पुन्हा तीस पल्स. ठिपके रेघेवर आले.