ऊर्जाघराच्या पुढचा प्रश्न

डिचोलीत सकाळपासून पाऊस कोसळतोय. सोप्यावर दोघी बहिणी बसल्या आहेत. जुन्या लग्नपत्रिका कापून, त्यांच्या कोऱ्या बाजूवर धाकटी फ्लॅशकार्डं लिहितेय. ती अकरावीत, सायन्सला. लॅपटॉपवर पेशीतल्या अंगकांची स्लाइड उघडी आहे. मायटोकॉन्ड्रियाची दोन पटलं, आतल्या पटलाच्या घड्या, पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूची निर्मिती.

तिचं पहिलं कार्ड बघा. पुढे 'मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय?', मागे 'पेशीचं ऊर्जाघर'. उत्तर तिला झोपेतही देता येईल. ताई कार्ड उलटं ठेवते आणि विचारते, "तांबडी रक्तपेशी पूर्ण तयार झाली की तिच्यात मायटोकॉन्ड्रिया उरत नाहीत. मग ती चालते कशावर गो?"

धाकटी गप्प. 'ऊर्जाघर' हा शब्द इथे काहीच कामाचा नाही.

उत्तर पेशीद्रवात आहे. तिथे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडलं जातं आणि एका रेणूमागे निव्वळ 2 एटीपी हाती लागतात. मायटोकॉन्ड्रिया असतील तर हाच आकडा साधारण 30 पर्यंत जातो. रक्तपेशीला मात्र 2 मध्ये भागवता येतं, आणि वाहून न्यायचा ऑक्सिजन ती स्वतः खर्चत नाही. नवं कार्ड याच प्रश्नाचं झालं.

दुसरं कार्ड घड्यांचं. 'आतल्या पटलाला घड्या असतात' असं लिहिलं की पाठांतर आलंच. म्हणून धाकटी लिहिते: 'घड्या ताणून सपाट केल्या तर काय बिघडेल?' एटीपी तयार करणारी प्रथिनं त्याच पटलात बसलेली असतात. पटल कमी, तर प्रथिनांना जागा कमी, म्हणून एटीपीही कमी. मागच्या बाजूला एवढी दोनच वाक्यं. त्यांत 'म्हणून' किंवा 'कारण' आलं नाही, तर कार्ड पुन्हा लिहायचं, हा ताईचा नियम.

नावं मात्र पाठ करावीच लागतात. आकृतीवरची नावं झाकून ओळखायची साधी कार्डं ताईने आधीच करून घेतली. नाव माहीत नसेल तर विचार करायचा कशाचा?

आठवड्याने नवीच अडचण आली. रक्तपेशीचं उत्तरही घडाघडा येऊ लागलं. म्हणजे तेही पाठ झालं. ताईने पेशी बदलली: शुक्राणूच्या मधल्या भागात मायटोकॉन्ड्रिया दाटीने का असतात? धाकटी थोडी थांबली. "शेपटी हलवायला एटीपी लागतं, आणि ते तिथेच शेजारी तयार होतं म्हणून." हे उत्तर कुठल्याच कार्डावर नव्हतं.

आता अंगणातल्या आंब्याकडे बघत ती स्वतःच एक कार्ड लिहितेय. 'पानातल्या पेशीत हरितलवक असतात. तरी मायटोकॉन्ड्रिया कशाला?'

मागच्या बाजूला तिने पहिला शब्द लिहिलाय: 'रात्री...'