आयडा मे फुलर यांची पेन्शन कोणी भरली?

मित्रहो, पेन्शन चालू वर्गणीतून द्यावी की साठवलेल्या निधीतून, हा विषय निमंत्रणपत्रिकेवर आहेच, पण सुरुवात आयडा मे फुलर यांच्यापासून करतो. या बाई अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या, लडलो गावच्या, वकिलाच्या कचेरीत कामाला. सोशल सिक्युरिटी या तिथल्या सरकारी पेन्शन योजनेची वर्गणी १९३७ मध्ये सुरू झाली आणि तीन वर्षांत त्यांच्या पगारातून सगळे मिळून २४ डॉलर ७५ सेंट कापले गेले. ३१ जानेवारी १९४०ला देशातला पहिला मासिक चेक त्यांच्या नावे निघाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. दुसऱ्या चेकला मुद्दल वसूल! बाई शंभरी गाठून १९७५ मध्ये गेल्या, तोवर त्यांना २२,८८८ डॉलर ९२ सेंट मिळाले होते. टाळ्या वाजवा जरूर, पण हे पैसे आले कुठून ते विचारा. चोवीस डॉलरवर कुठलंच व्याज एवढं होत नाही. ते आले त्या त्या वर्षी कामावर असलेल्यांच्या वर्गणीतून. आज गोळा करा, आज वाटा, यालाच पे-ॲज-यू-गो म्हणतात.

आता यात परतावा कसा ठरतो, ते आकड्यांत बघू. महागाई बाजूला ठेवा. एका पिढीत ५० कामकरी, प्रत्येकाचा पगार ५०० रुपये, वर्गणी १० टक्के, म्हणजे माणशी ५० रुपये. तीस वर्षांनी हे ५० जण निवृत्त होतात. तोवर कामावर १०० जण आहेत आणि पगार १,००० झालाय. गोळा झाले १०,००० रुपये, प्रत्येक म्हाताऱ्याला २००. पन्नासाचे दोनशे, चौपट! माणसं दुप्पट झाली म्हणून दुप्पट, पगार दुप्पट झाला म्हणून आणखी दुप्पट. वर्षाला साधारण पावणेपाच टक्के पडले, आणि एक पैसाही कुठे गुंतवला नव्हता.

पुढच्या पिढीत मात्र मुलं कमी झाली. आता निवृत्त १०० आणि कामावर ८०. पगार वाढून १,५०० झाला तरी गोळा होतात १२,०००. म्हणजे प्रत्येकाला १२०, आणि त्यांनी भरले होते १००. वर्षाला जेमतेम ०.६ टक्के. योजना तीच, दर तोच. कोणी खाल्लं नाही, कोणी बुडवलं नाही. जननदर घसरला, एवढंच. थोडक्यात, कामकऱ्यांच्या संख्येची वाढ अधिक पगाराची वाढ, हाच या योजनेचा व्याजदर.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. निधीवरच्या पेन्शनमध्ये तुमची वर्गणी रोख्यांत, शेअरमध्ये गुंतते आणि परतावा बाजार देतो. महागाई वजा जाता बाजाराचा परतावा सगळ्यांच्या एकूण पगाराच्या वाढीपेक्षा जास्त असेल तर निधी फायद्याचा, कमी असेल तर चालू वर्गणीची पद्धत फायद्याची. आपल्याकडची जुनी पेन्शन तर कर्मचाऱ्याच्या वर्गणीविना, सरकारच्या चालू महसुलातून दिली जाते. तिथे पगाराच्या जागी कराचं उत्पन्न धरा, तर्क तोच. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती बंद झाली.

मग सगळे निधीकडे का वळत नाहीत? कारण मधल्या पिढीला दोनदा भरावं लागतं. वर्गणी स्वतःच्या खात्यात गेली, तर आजच्या म्हाताऱ्यांचे १२० रुपये कोण देणार? एकतर कर वाढवा, नाहीतर सरकारने कर्ज काढावं, आणि त्या कर्जाचं व्याज पुन्हा त्याच तरुणांच्या करातून जातं. शिवाय निधीही लोकसंख्येपासून पूर्ण सुटत नाही. शंभर निवृत्त एकदम शेअर विकायला निघाले आणि घ्यायला ऐंशीच तरुण असले, तर भाव पडू शकतो. थोडी रक्कम परदेशात गुंतवण्याचा आग्रह मी त्यासाठीच धरतो.

प्रश्न असतील तर विचारा.