परदेशातला पगार आणि भुसावळचा हप्ता
(जळगाव येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

बँकेत कर्जाच्या टेबलावर बसायचो तेव्हा महिन्याच्या सात-आठ तारखेला कुणाचे तरी वडील हमखास यायचे. हातात बँकेचं पत्र, चेहरा पडलेला. एक आबा भुसावळहून आले होते. मुलगा कुवेतला, घराचं कर्ज २५ लाखांचं. म्हणाले, "साहेब, पोरानं पैसे तर धाडले, मग हप्ता परत कसा गेला?"

पैसे खरंच आले होते, पण दुसऱ्या खात्यात. मुलगा नोकरीला बाहेर गेला की त्याचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथलं रुपयातलं खातं, करावं लागतं. त्याने ते केलं, त्यात खात्याचा नंबर बदलला. हप्ता कापायची परवानगी, म्हणजे नाच मँडेट, मात्र जुन्याच नंबरवर राहिली. शिल्लक नव्या खात्यात आणि वसुली रिकाम्या खात्यातून! दंड लागला, सिबिलवर डाग पडायची भीती वेगळी. म्हणून खातं बदलताना शाखेत पहिला प्रश्न मँडेटचा विचारा. नवं मँडेट लागू व्हायला वेळ जातो, तोवरचा हप्ता हाताने भरा. हप्ता एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या खात्यातूनही चालतो, एनआरओतूनही. वडिलांनी आपल्या खात्यातून भरला तरी नियमात बसतं.

दुसरी गंमत वारांची. कुवेतला सुट्टी शुक्रवार-शनिवारी, आपल्याकडे रविवारी. पोरगं गुरुवारी संध्याकाळी पैसे पाठवतं आणि शुक्रवारी ते जमा झाले नाहीत, तर थेट सोमवार उजाडू शकतो. पण १ ऑगस्ट २०२१ पासून नाचची वसुली रविवारीही होते. पाच तारीख रविवारी आली की बँक बंद आणि कापणी चालू! उपाय एकच, एक हप्ता खात्यात कायम पडून असू द्या. त्यावर व्याज फारसं मिळत नाही, पण दंडापेक्षा बरं.

आता बोनस आला की काय करायचं? आबांच्या मुलाचा व्याजदर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता सुमारे २१,७०० रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात १७,७०० व्याजातच जातात. सुरुवातीलाच जादा एक लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर दर तेवढाच राहिल्यास साधारण २३ हप्ते कमी होतात. तेच लाख हप्ता कमी करायला लावले, तर महिन्याला जेमतेम ८७० रुपये वाचतात. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड नाही. अर्जावर 'मुदत कमी करा' असं स्वतः लिहा आणि नवं परतफेडीचं वेळापत्रक मागून शेवटच्या हप्त्याची तारीख वाचा. ती पुढे सरकलेली नसेल, तर पैसे भलत्याच खान्यात गेलेत. नाही, चुकलो. ती अलीकडे आलेली नसेल तर!