डायरेक्ट किती, इनडायरेक्ट किती?

[दृश्य: पेडणे तालुका. कापणी झालेल्या शेतात फुटबॉल. एका मुलाच्या नडगीवरचा डाग, अगदी जवळून.]

निवेदन: मार रविवारी लागला, आज गुरुवार. डागाच्या मधोमध अजून जांभळं आहे, कडेला हिरवट झालंय आणि त्याच्याही बाहेर पिवळं. कातडीखाली सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन इथं मोडतंय. त्यातला हीम हा भाग म्हणजे मधोमध लोह असलेलं एक कडं. हीम ऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम ते कडं एका जागी तोडतं. लोह सुटतं, किंचित कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि उरतं ते हिरवं बिलिव्हर्डिन. दुसरं एक एन्झाइम त्याचं बिलिरुबिन करतं. ते पिवळं.

[मुलगा मोजा वर ओढतो, पुन्हा मैदानात. चेंडूमागची धूळ.]

मार न लागताही हेच काम प्रत्येकाच्या शरीरात चालू असतं. तांबडी रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते. म्हाताऱ्या झालेल्या पेशी मुख्यतः प्लीहेत मोडल्या जातात आणि मोठ्या माणसाच्या अंगात त्यातून रोज अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. त्यामुळे बिलिरुबिन अंगात असणं हा आजार नव्हे. प्रश्न एवढाच, की ते बाहेर पडतंय का. रक्तात साचलं की डोळे पिवळे होतात, ती कावीळ.

[दृश्य: बांधावरची लाजाळू. बोट लागताच पानं मिटतात.]

बाहेर पडणं सोपं नाही, कारण हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. पाण्याशी जमवून घेणारे त्याचे भाग आतल्या बाजूला वळून एकमेकांना धरून बसलेले असतात. या लाजाळूसारखा तो रेणू मिटलेला असतो. रक्तातून जातानाही अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटूनच जातो. अल्ब्युमिन मूत्रपिंडाच्या चाळणीतून सहसा गळत नाही, म्हणून हे बिलिरुबिन लघवीत कधी उतरत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

[दृश्य: यकृताच्या पेशी, सूक्ष्मदर्शकाखाली. पेशींमधल्या बारीक फटी.]

यकृताची पेशी ते आत ओढून घेते. आत यूजीटी1ए1 हे एन्झाइम त्याच्या दोन टोकांना ग्लुक्युरॉनिक आम्लाचा एकेक रेणू जोडतं. मिटलेला रेणू उघडतो आणि आता तो पाण्यात विरघळतो. मग पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप त्याला पित्ताच्या बारीक नळीत ढकलतो. या सगळ्या वाटेत सगळ्यांत अवघड टप्पा तो ढकलण्याचा. यकृताला काही झालं की आधी तोच ढेपाळतो.

पित्तातून बिलिरुबिन आतड्यात येतं. तिथले जिवाणू त्यावर काम करतात आणि त्यातून शौचाला तिचा नेहमीचा रंग येतो.

[दृश्य: प्रयोगशाळा. दोन परीक्षानळ्या, एकच रक्तद्रव. पहिलीत थेंब पडतात.]

आजकाल हे काम यंत्र करतं. आमच्यासाठी तंत्रज्ञबाईंनी ते हाताने करून दाखवलं. पहिल्या नळीत डायझोचं द्रावण पडताच गुलाबी-जांभळा रंग आला. हे जोड लागलेलं, उघडं बिलिरुबिन. रिपोर्टवरचा ‘डायरेक्ट’ आकडा तो हाच. दुसऱ्या नळीत त्याच द्रावणाबरोबर अल्कोहोल घातलं. अल्कोहोलने मिटलेले रेणूही उघडले आणि रंग बराच गडद झाला. ही एकूण बेरीज. तिच्यातून पहिला आकडा वजा केला की ‘इनडायरेक्ट’ मिळतं. 1916 पासून काविळीचे प्रकार असेच वेगळे काढले जातात. दोन नळ्या आणि एक वजाबाकी.

[दृश्य: डिचोली बाजार. किराणा दुकान. गल्ल्यावर छप्पन्न वर्षांचे गृहस्थ. डोळे जवळून.]

यांना कावीळ झाली तेव्हा घरच्यांनी आधी गळ्यात माळ घातली. तेल-तिखट बंद, नुसती पेज. माळ लांबत गेली तसा घरच्यांना धीर आला. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याचे फास सैल पडतात, म्हणून ती लांबते. गळा कुणाचाही असो. यांची लघवी गडद होत गेली, अंगाला खाज सुटली, शौच मातकट पांढरी झाली. दोन आठवडे असेच गेले. मग थंडी वाजून ताप भरला.

[रिपोर्टचा कागद. बोट आकड्यांवरून सरकतं.]

एकूण बिलिरुबिन 11.2. डायरेक्ट 8.7. म्हणजे यकृताने जोड लावायचं काम केलंय, माल तयार आहे, वाट मात्र बंद आहे. उघडं बिलिरुबिन रक्तात परतलं, पाण्यात विरघळणारं असल्याने लघवीत उतरलं आणि ती गडद झाली. आतड्यात काहीच पोचलं नाही, म्हणून शौच पांढरी. कागद न बघता नुसतं हे दोन रंग विचारले असते, तरी अडथळ्याचा संशय आला असता. पित्ताची वाट अडली की चढणारं अल्कलाइन फॉस्फटेज 540, म्हणजे नेहमीच्या चार पटींहून जास्त. यकृताच्या पेशी मेल्या की रक्तात सांडणारं एसजीपीटी 88, म्हणजे फारसं नाही. पेशी मरत नव्हत्या, नळी अडली होती.

आणखी एक खूण डॉक्टरांनी दाखवली. रक्त गोठायला उशीर होत होता, आयएनआर 1.9. पित्त आतड्यात नसलं की स्निग्धांशाबरोबरचं ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि ते नसलं की यकृताला गोठण्याचे घटक नीट बनवता येत नाहीत. ‘के’चं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी आकडा 1.2 वर आला. यकृतच निकामी असतं तर इंजेक्शनाने एवढा फरक पडला नसता.

[दृश्य: ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताची नळी मोकळी करणं. तिचा पडदा. नळीच्या तोंडाशी दुर्बीण. नळी अडवणारा पित्ताचा खडा बाहेर घरंगळतो, मागून हिरवट-पिवळं पित्त.]

[काही क्षण निवेदन नाही.]

हिपॅटायटिस ए मध्ये चित्र वेगळं असतं. सुजलेल्या पेशी जोड लावतात, पण ढकलू शकत नाहीत, म्हणून दोन्ही आकडे चढतात आणि एसजीपीटी हजारांत जातं. ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण उतरते. माळेचं नाव झालंय ते या रोग्यांवर. तांबड्या पेशीच भराभर फुटू लागल्या तर इनडायरेक्ट वाढतं. तेव्हा डोळे पिवळे दिसतात, पण लघवीत बिलिरुबिन सापडत नाही. ते का, हे लाजाळूपाशी सांगितलंच आहे.

[दृश्य: पुन्हा दुकान. गृहस्थ तांदूळ मापतात. शेजारीण त्यांच्या डोळ्यांकडे बघते.]

खडा निघून दहा दिवस झाले. लघवी कधीच स्वच्छ झाली, खाज गेली, डोळे मात्र अजून पिवळे. शेजारच्या काकी म्हणाल्या, “उतरली नाही पुरती, माळ घाला परत.” पण हे पिवळं जुनं आहे. नळी इतके दिवस अडलेली होती, तेवढ्यात थोडं बिलिरुबिन अल्ब्युमिनला कायमचं जोडलं गेलं. ते लघवीतून जात नाही. अल्ब्युमिन आपल्या चालीने संपतं, निम्मं व्हायलाच जवळपास तीन आठवडे लागतात. तपासणीत हे बिलिरुबिनही डायरेक्टच्याच आकड्यात मोजलं जातं, म्हणून आजच्या रिपोर्टवर डायरेक्ट 2.1 आहे आणि लघवीत काहीच नाही. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितलंय.